'मालकाच्या जोखमीवर' : एका पाटीचा इतिहास आणि तिची मर्यादा

जळगाव वा धुळे येथील एखाद्या मंगल कार्यालयाच्या, रुग्णालयाच्या किंवा चित्रपटगृहाच्या आवारात शिरताना फाटकापाशी एक पाटी बहुधा आढळते. 'वाहने मालकाने आपल्या जबाबदारीवर उभी करावीत. चोरी अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' शब्दांत थोडाफार फरक असतो. आशय एकच असतो. पाटी वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, एकदा आवारात वाहन लावले की पुढे जे घडेल ते आपल्या नशिबाचे. रखवालदार झोपला काय किंवा त्याने किल्ली भलत्याच्या हाती दिली काय, बोलण्यास जागा उरली नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. ज्या शब्दप्रयोगावर ही पाटी उभी आहे तो मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. खानदेशात तो मोटारीबरोबर आला नाही, रेल्वेबरोबर आला. आणि रेल्वेच्या व्यवहारात त्याचा अर्थ सुमारे सत्तर वर्षांत कसा आकुंचित होत गेला हे पाहिल्यावाचून आजच्या पाटीचे खरे बळ कळत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. मूळ इंग्रजी प्रयोगात 'रिस्क' हा शब्द आहे व त्याचा सरळ मराठी पर्याय 'जोखीम' हा आहे. व्यापाराच्या मराठीत या शब्दाला निश्चित अर्थ आहे. पश्चिम किनाऱ्यावरील सावकारी व्यवहारात 'जोखमी हुंडी' नावाचा हुंडीचा एक प्रकार होता. जहाजातून पाठविलेल्या मालाच्या पोटी ती काढली जाई. माल बंदरात सुखरूप पोचला तरच तिचे पैसे देणे लागत, आणि जहाज बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडत. म्हणजे जोखीम याचा अर्थ कोणाचा दोष नसताना येणाऱ्या हानीचा भार. हा भार करार करून एकाच्या शिरावरून दुसऱ्याच्या शिरावर ठेवता येतो, आणि त्याबद्दल मोबदलाही घेता येतो. विम्याचा सारा व्यवहार याच कल्पनेवर चालतो.

'जबाबदारी' हा शब्द मात्र वेगळ्या कुळातील आहे. तो फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ जबाब देण्याचे दायित्व असा आहे. ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याने तिचे काय झाले ते सांगितले पाहिजे, ही जबाबदारी. मराठी पाटीने 'जोखीम' या शब्दाच्या जागी 'जबाबदारी' हा शब्द घातला, आणि त्यामुळे दोन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या. हानीचा भार वाहनाच्या मालकावर टाकणे ही एक गोष्ट. आणि वस्तू आपल्या ताब्यात असताना तिचे काय झाले याचा जबाब देण्याचेच नाकारणे ही दुसरी. पहिली गोष्ट करारातील शब्दांनी काही प्रमाणात साधते. दुसरी साधत नाही, असा निष्कर्ष कायद्याच्या इतिहासातून निघतो.

हा भेद एतद्देशीय विचाराला नवा नव्हता. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचे, पद येते. ठेव राजाने नेली, दैवाने नष्ट झाली अथवा चोरांनी पळविली, तर ठेव सांभाळणाऱ्याने ती भरून देण्याचे कारण नाही, असे याज्ञवल्क्याचे मत आहे. परंतु त्याच्याच हयगयीने ती गेली असेल तर त्याने ती भरून द्यावी, असे पुढील स्मृतिकारांनी सांगितले. राजा, दैव आणि चोर ही जोखीम. हयगय हा दोष. भारतीय करार कायद्याच्या मराठी परिभाषेत आजही याच व्यवहाराला 'निक्षेप' म्हणतात.

इंग्रजी अमदानीतील कायद्याने हाच विषय नव्या भाषेत मांडला. १८६५ च्या वाहक अधिनियमाने, भाड्याने माल वाहून नेणाऱ्या सार्वजनिक वाहकाला मालकाच्या सहीने विशेष करार करून आपले दायित्व काही अंशी मर्यादित करण्याची मुभा दिली. परंतु स्वतःच्या अथवा नोकरांच्या हयगयीबद्दलचे दायित्व कायम ठेवले. पुढे १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमाने असे ठरविले की, सामान्य शहाणा मनुष्य तशा परिस्थितीत आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ठेव सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. १५२ वे कलम सांगते की, एवढी काळजी घेतली असूनही वस्तू गेली तर, विशेष करार नसेल तेव्हा, सांभाळणारा दायी नाही. यातील 'विशेष करार नसेल तेव्हा' या शब्दांनी दीर्घ काळ वाद माजविला. ते शब्द १५२ व्या कलमात आहेत, १५१ व्यात नाहीत. तेव्हा विशेष कराराने दायित्व वाढविता येते एवढेच त्यांतून निघते की ते कमीही करता येते, यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद राहिला.

रेल्वेच्या बाबतीत मात्र विधिमंडळाने हा वाद स्वतःच मिटविला, आणि तो रेल्वेच्या बाजूने मिटविला. १८९० च्या रेल्वे अधिनियमाच्या ७२ व्या कलमाने रेल्वेचे दायित्व ठेव सांभाळणाऱ्याइतकेच ठरविले, व शिवाय ते करार करून कमी करण्याची सोय ठेवली. दोन अटी होत्या : करार लेखी असून त्यावर माल पाठविणाऱ्याची सही हवी, आणि कराराचा नमुना सरकारने मान्य केलेला हवा. या नमुन्यांना 'रिस्क नोट' म्हणत. वेगवेगळ्या प्रसंगांसाठी वेगवेगळे नमुने असून त्यांना इंग्रजी वर्णाक्षरांची नावे होती. त्यांपैकी 'बी' नमुना सर्वांत महत्त्वाचा होता. माल साध्या दराऐवजी सवलतीच्या दराने, म्हणजेच 'मालकाच्या जोखमीच्या' दराने, पाठवावयाचा असेल तेव्हा तो भरून द्यावा लागे.

खानदेशाच्या व्यापाराशी या कागदाचा निकटचा संबंध होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा या प्रांतातून गेला, आणि १९०० साली चाळीसगावाहून धुळ्यापर्यंत फाटा निघाला. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेश सुरतेशी जोडला गेला. १९०६ साली पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव, धुळे व १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार हे त्यांचेच वारस होत. रुई, भुईमूग, धान्य असा जो माल येथून बाहेर जाई, तो रेल्वेच्या हवाली करताना दर निवडण्याचा प्रश्न उभा राहत असे. कमी दर पाहिजे असेल तर जोखीम आपली. जोखीम रेल्वेची पाहिजे असेल तर दर अधिक.

या सौद्यात व्यापारी नेमके काय सोडून देत होता? विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात प्रचलित असलेल्या 'बी' नमुन्याप्रमाणे रेल्वे जवळजवळ सर्व दायित्वातून मुक्त होती. अपवाद एवढाच होता की, संपूर्ण माल अथवा त्यातील एखादा संपूर्ण नग नाहीसा झाला पाहिजे, आणि तो रेल्वेच्या हेतुपुरस्सर हयगयीने किंवा तिच्या नोकरांच्या चोरीमुळे वा हेतुपुरस्सर हयगयीने नाहीसा झाला असे व्यापाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. एक कल्पित उदाहरण घेऊन याचा परिणाम पाहता येईल. धुळ्याच्या एखाद्या अडत्याने वीस गाठी पाठविल्या व मुक्कामी वीसच गाठी पोचल्या, परंतु त्यांपैकी तीन फाडून अर्धी रुई काढून घेतलेली होती, अशी कल्पना करावी. संपूर्ण नग गेलेला नसल्यामुळे अपवाद लागूच पडत नाही. दावा तेथेच संपतो. उलट तीन गाठी समूळ नाहीशा झाल्या असत्या तर दावा करता आला असता, परंतु पुरावा कोणी द्यावयाचा? गाडी कोठे थांबली, वाघिणीचे मोहोर कोणत्या स्टेशनात तुटले, पहाऱ्यावर कोण होता, हे सर्व रेल्वेलाच ठाऊक. आणि ते सिद्ध करण्याचा भार मात्र धुळ्यात बसलेल्या अडत्यावर. साधी हयगय सिद्ध झाली तरीही भागत नसे, ती हेतुपुरस्सर असावी लागे. म्हणजे त्या काळी 'मालकाच्या जोखमीवर' या शब्दांनी नुसती जोखीमच नव्हे, तर साध्या निष्काळजीपणाचे दायित्वही खरोखरच माफ होत असे. पाटीविषयीची आजची समजूत त्या काळापुरती खरी होती.

देशभरच्या व्यापाऱ्यांची याविरुद्ध तक्रार होती, आणि १९२४ साली नमुना बदलण्यात आला. 'हेतुपुरस्सर हयगय' हे शब्द जाऊन त्यांच्या जागी नोकरांचे 'गैरवर्तन' हा शब्द आला. याहून महत्त्वाची अशी एक पुरवणी त्याबरोबर जोडली गेली. अपघात वा आग हे कारण नसता संपूर्ण नग पोचला नाही, किंवा नीट बांधलेल्या नगातून काही चोरीस गेले, तर रेल्वेने माल आपल्या ताब्यात असेपर्यंत त्याची व्यवस्था कशी ठेवली हे आधी उघड केले पाहिजे, आणि जरूर पडल्यास त्याचा पुरावा दिला पाहिजे. त्यानंतरच गैरवर्तन सिद्ध करण्याची पाळी व्यापाऱ्यावर येईल. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाचे दुसरे टोक असलेल्या सुरतेतील एका कापड गिरणीच्या दाव्यात १९३७ साली प्रिव्ही कौन्सिलने या पुरवणीचा अर्थ विशद केला आणि प्रथम उलगडा करण्याचे रेल्वेवरील बंधन पक्के केले. जोखीम मालकाची राहिली, पण जबाब रेल्वेने द्यावयाचा, असा हा बदल होता.

स्वातंत्र्योत्तर काळात हाच प्रवाह पुढे गेला. १९६१ च्या दुरुस्तीने, जी १ जानेवारी १९६२ पासून अमलात आली, रेल्वेचे सामान्य दायित्व बरेच वाढले. आणि मालकाच्या जोखमीच्या दराने पाठविलेल्या मालाच्या बाबतीतही 'हयगय किंवा गैरवर्तन' सिद्ध झाल्यास रेल्वे दायी ठरली. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या ९७ व्या कलमात हीच तरतूद आहे, व उलगडा करण्याचे बंधनही त्यात कायम आहे. 'हेतुपुरस्सर हयगय', मग 'गैरवर्तन', मग 'हयगय किंवा गैरवर्तन' या तीन पायऱ्यांत मूळ शब्द 'मालकाची जोखीम' हेच राहिले, परंतु त्यांच्या पोटातील अर्थ बदलला. ज्या व्यवहारात हा शब्दप्रयोग रुजला त्याच व्यवहारात आज त्याने हयगय माफ होत नाही.

रेल्वेच्या मालधक्क्यावरून हे शब्द स्टेशनाबाहेरील सायकल स्टँडवर, आणि तेथून वाहनतळाच्या पाटीवर आले. या स्थलांतरात तीन गोष्टी मागे राहिल्या, इकडे सहसा लक्ष जात नाही. रिस्क नोटवर व्यापाऱ्याची सही असे. पाटीवर कोणाचीच नसते. रिस्क नोटचा मजकूर सरकारने मंजूर केलेला असे. पाटीचा मजकूर ज्याचा त्याने लिहिलेला असतो. आणि रिस्क नोटच्या बदल्यात दरात सवलत मिळे. वाहनतळावर मात्र अधिक आकार देऊन स्टँडवाल्याच्या जोखमीवर वाहन ठेवण्याचा दुसरा पर्यायच नसतो. शब्द आले, परंतु ज्या सौद्यामुळे ते न्याय्य ठरू शकत होते तो सौदा आला नाही.

वाहनतळाच्या संदर्भात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो दिल्लीतील ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याचा निर्णय झाला. हकीगत साधी आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एक गृहस्थ आपली मारुती झेन मोटार घेऊन हॉटेलात आले. त्यांनी मोटार व किल्ली हॉटेलच्या सेवकाच्या स्वाधीन केली आणि पावती घेतली. वाहन पाहुण्याच्या स्वतःच्या जोखमीवर व जबाबदारीवर लावले जात असून चोरी वा नुकसान झाल्यास व्यवस्थापनाविरुद्ध कोणताही दावा चालणार नाही, अशा अर्थाची अट पावतीवर छापलेली होती. रात्री एकच्या सुमारास ते बाहेर आले तेव्हा मोटार दुसऱ्याच कोणी नेली असल्याचे त्यांना सांगण्यात आले. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या तीन तरुणांनी आपली गाडी मागविली होती, आणि त्या गडबडीत त्यांपैकी एकाने झेनची किल्ली उचलून ती गाडी पळविली होती. विमा कंपनीने मालकाला दोन लाख ऐंशी हजार रुपये दिले, आणि मग दोघांनी मिळून हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागितली.

पाहुण्याच्या वस्तूबद्दल हॉटेल सर्वस्वी दायी आहे, हयगय असो वा नसो, असा जो जुना इंग्रजी नियम आहे तो न्यायालयाने जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्याऐवजी त्याने करार कायद्याच्या १५१ व १५२ या कलमांचा आधार घेतला. मोटार व किल्ली सेवकाच्या हाती दिली की निक्षेप सिद्ध होतो. वाहन लावण्याबद्दल वेगळे पैसे घेतले नाहीत ही सबब चालत नाही, कारण पाहुणा हॉटेलात जो खर्च करतो त्यातच मोबदला आला. निक्षेप सिद्ध झाल्यावर, हानी आपल्या हयगयीने झाली नाही हे दाखविण्याचा भार प्रथम हॉटेलवर येतो. आणि तो भार उतरविल्यानंतरच पावतीवरील अटीला काही किंमत येते. तिऱ्हाइताचे कृत्य अथवा आपल्या आवाक्याबाहेरची घटना यांबद्दलचे दायित्व अटीने टाळता येईल. स्वतःच्या वा नोकरांच्या हयगयीबद्दलचे टाळता येणार नाही. किल्ली परक्याच्या हाती कशी लागली याचा समाधानकारक जबाब हॉटेलला देता आला नाही, म्हणून ते दायी ठरले. १९२४ च्या पुरवणीशी या निर्णयाचे साम्य उघड आहे. आधी उलगडा, मग अट, असा तोच क्रम येथे पुन्हा आला.

तथापि या निर्णयाची मर्यादाही तितकीच स्पष्टपणे ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा पाया निक्षेप हा आहे. जेथे वस्तूचा ताबाच दिला गेला नाही, तेथे जबाब मागण्याचा हा मार्ग खुला होत नाही. इंग्लंडमध्ये १९३७ साली निकालात निघालेला ॲशबी विरुद्ध टॉलहर्स्ट हा खटला याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. समुद्रकाठच्या एका वाहनतळावर मालकाने एक शिलिंग भरून मोटार उभी केली व तिकीट घेतले. पुढे तेथील नोकराने तिकीट नसलेल्या माणसाला ती मोटार नेऊ दिली. तरीही वाहनतळाचा मालक सुटला, कारण शिलिंग केवळ जागा वापरण्याबद्दल होते, मोटार सांभाळण्याबद्दल नव्हे, असे अपील न्यायालयाने ठरविले. त्या निकालाने भारतीय न्यायालये बांधलेली नाहीत. परंतु जागा देणे आणि वस्तू सांभाळणे यांतील भेद येथेही लागू आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही आपला निर्णय सेवकाकरवी वाहन ठेवून घेण्याच्या व्यवस्थेसंबंधी दिला आहे.

खानदेशातील व्यवहारास हे लावून पाहता तीन प्रकार दिसतात. जळगावच्या एखाद्या मंगल कार्यालयात सेवक किल्ली घेऊन मोटार स्वतः लावतो, तेव्हा ताबा पूर्णपणे त्याच्याकडे जातो आणि पाटी हयगयीपुढे निरुपयोगी ठरते. दुसरे टोक म्हणजे बाजारातील मोकळे मैदान. तेथे कोणी किल्ली घेत नाही, बिल्ला देत नाही, बाहेर पडताना अडवीत नाही. तेथे चोरी झाली तर केवळ पाटीमुळे नव्हे, तर निक्षेपच नसल्यामुळे दावा कठीण होतो. या दोहोंच्या मध्ये पैसे घेऊन चालणारा दुचाकींचा स्टँड येतो, आणि खरा वाद तेथेच होतो. किल्ली मालकाच्या खिशात असते. पण गाडीला एक बिल्ला लावलेला असतो व त्याच क्रमांकाचा दुसरा मालकाला दिलेला असतो. बिल्ला दाखविल्यावाचून गाडी सोडावयाची नाही असा नियम असेल, आवाराला एकच फाटक असेल आणि त्यावर माणूस बसत असेल, तर स्टँडवाल्याने गाडी बाहेर जाण्यावर ताबा घेतला आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. मग बिल्ला न पाहता गाडी सोडली गेली तर ती हयगय ठरते. उलट वादळात झाड पडून गाडी मोडली, आणि ते झाड आधीपासून वाळलेले वा धोक्याचे नव्हते, तर ती खऱ्या अर्थाने जोखीम होय. तेथे पाटी आपले काम करते.

यावरून दावा कशाने उभा राहतो हे लक्षात येते. बिल्ला अथवा पावती जपून ठेवणे, ती हरवण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेणे, फाटकाची व पाटीची नोंद करणे, पोलिसांत ताबडतोब फिर्याद देणे आणि गाडी कोणत्या परिस्थितीत बाहेर गेली याचा लेखी खुलासा स्टँडचालकाकडे मागणे, हा पुरावा त्या वेळी जमविला नाही तर पुढे मिळत नाही. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची असते, कारण खुलासा न देणे हेच पुढे चालकाच्या विरुद्ध जाते. सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. छापील अट हीच अन्यायकारक असून ती रद्द व्हावी अशी मागणी असेल, तर मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे ती जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते. चोरीस गेलेल्या एका दुचाकीसाठी बहुतेकांना पहिलाच मार्ग पुरतो. आणि त्या मार्गात अट रद्द करून घेण्याची गरज नसते, हयगयीपुढे ती अपुरी आहे एवढे दाखविले की पुरे.

पाटीवरील दोन वाक्यांचे मोल त्यामुळे सारखे नाही. 'मालकाच्या जोखमीवर' हे पहिले वाक्य दैव व तिऱ्हाईत यांच्यापुरते खरे आहे. 'व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' हे दुसरे वाक्य, वस्तू ज्याने ताब्यात घेतली त्याच्या तोंडी, निरर्थक आहे. कारण जबाब देण्याचे दायित्व ताब्याबरोबर येते आणि ताबा असेपर्यंत ते नुसत्या शब्दांनी झटकता येत नाही. मालकाची सही घेऊन, सरकारमान्य नमुन्यावर, दरात सवलत देऊन रेल्वेने जे मिळविले होते, तेही तिच्याकडे राहिले नाही. फाटकावरच्या रंगविलेल्या पत्र्याला त्याहून अधिक मिळण्याचे कारण दिसत नाही.